शब्द बदलले तरी कॉपी का धरतात? इंग्रजी असाइनमेंटमधलं कोट आणि पॅराफ्रेज

पुण्यात कॉलेजला इंग्रजीतून असाइनमेंट लिहिणाऱ्या मुलांची एक तक्रार मी दर सेमिस्टरला ऐकते. "मॅडम, मी एक ओळ पण कॉपी केलेली नाही, प्रत्येक वाक्य बदललंय, शेवटी सोर्सचं नावपण दिलंय, तरी इथे प्लॅजरिझम का लिहिलंय?" आणि बहुतेक वेळा ते मूल अगदी खरं बोलत असतं. त्याने खरंच एकेक वाक्य बदललेलं असतं, डिक्शनरी उघडी ठेवून, रात्री अभ्यासिकेत बसून. सरळ कॉपी-पेस्ट करणाऱ्यापेक्षा त्याने दहापट मेहनत केलेली असते आणि शेरा मात्र तोच मिळतो, म्हणून मला हा विषय नीट, सावकाश सांगावासा वाटतो.

यात विशेषतः मराठी किंवा सेमी-इंग्लिशमधून आलेली मुलं जास्त अडकतात. कारण साधं आहे, स्वतःच्या इंग्रजीवर भरवसा नसतो. पुस्तकातलं वाक्य व्याकरणात बरोबर आहे याची खात्री असते आणि आपण लिहिलेलं बरोबर असेलच असं वाटत नाही, मग पुस्तकातलं वाक्य धरून ठेवायचं आणि त्यातले जमतील तेवढे शब्द बदलायचे हाच रस्ता सुरक्षित वाटतो. पण नेमका तोच रस्ता खड्ड्यात नेतो. या प्रकाराला इंग्रजीत पॅचरायटिंग असं नाव आहे, रेबेका मूर हॉवर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९० च्या दशकात या शब्दावर बरंच लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं असं की याच्याकडे फक्त चोरी म्हणून बघू नका, अवघड मजकूर समजून घेताना नवीन लिहिणारा मुलगा या पायरीवरून जातोच. मला हे पटतं. फक्त पायरीवरून पुढे जायचं असतं, तिथेच बसून असाइनमेंट जमा करायची नसते.

आता एक उदाहरण घेऊ. पानशेतचा पूर पुण्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी सांगितलेला असतो, म्हणून तोच घेते. खालचा उतारा मी याच लेखासाठी लिहिलाय, तो २०१५ सालच्या एका पुस्तकात ४२ नंबरच्या पानावर आहे असं धरून चाला, आणि लेखकाच्या आडनावाच्या जागी नुसतं ऑथर लिहिलंय.

```
On 12 July 1961 the Panshet dam, still under construction,
gave way. The water rushed into the Khadakwasla reservoir
downstream, and the old masonry dam there could not hold it.
Because the city drew its drinking water from Khadakwasla,
the flood left Pune short of water even as it drowned
its streets.
```

आणि समजा असाइनमेंटचा विषय आहे, पुणे शहर पाण्यासाठी एकाच ठिकाणावर अवलंबून राहिलं त्याचे परिणाम. मुलगा हा उतारा समोर ठेवतो आणि असं लिहितो:

```
On 12 July 1961 the Panshet dam, which was still being
built, collapsed. The water flowed into the Khadakwasla
reservoir below, and the old stone dam there was not
able to hold it (Author, 2015).
```

वरवर बघितलं तर बदल भरपूर दिसतात. गेव्ह वे चं कोलॅप्स्ड झालं, रश्ड चं फ्लोड झालं, डाउनस्ट्रीमचं बिलो, मेसनरीचं स्टोन, कुड नॉट चं वॉज नॉट एबल टू. पण आता दोन्ही ब्लॉक एकाखाली एक ठेवा आणि दोन बोटं दोन्हींवर एकाच वेळी सरकवत न्या. पहिलं वाक्य तारखेपासून सुरू, दुसरंही तारखेपासूनच. मग धरण, मग स्वल्पविराम, मग धरणाचं काम चालू होतं ही मधली पुरवणी, मग फुटलं. पुढच्या वाक्यात पाणी, खडकवासला, अँड, जुनं धरण, टिकलं नाही. बोटं कुठेच एकमेकांपासून सुटत नाहीत. वाक्याचा सांगाडा, माहितीचा क्रम, कुठे थांबायचं आणि कुठे जोडायचं, हे सगळं मूळ लेखकाचं आहे आणि मुलाने फक्त मधूनमधून शब्द काढून त्याजागी दुसरे बसवलेत. मास्तर जे कॉपी म्हणून धरतात ते हेच.

यात अजून एक नुकसान होतं जे मुलांच्या लक्षात येत नाही, अर्थ सरकतो. रश्ड म्हणजे पाणी धडाधड, जोरात घुसलं. फ्लोड म्हणजे नुसतं वाहत गेलं. नदी रोजच वाहते. त्या दिवशी जे झालं ते धरणफुटीचा लोंढा होता, आणि त्या एका शब्दात मूळ लेखकाने जोर भरला होता तो डिक्शनरीतल्या समानार्थी शब्दाने घालवला. वर्डमध्ये राइट क्लिक करून सिनॉनिम निवडणाऱ्यांचं हे नेहमी होतं, कारण ती यादी जवळपासच्या शब्दांची असते, या वाक्यात कुठला बसेल हे त्या यादीला माहीत नसतं.

मग मुलगा म्हणतो, पण मी कंसात नाव दिलंय ना. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो एकदा दूर झाला की अर्धं काम झालं. सायटेशन आणि अवतरणचिन्ह ही दोन वेगळी कामं करतात. कंसातलं नाव आणि साल वाचणाऱ्याला सांगतं की ही माहिती किंवा हा विचार मी कुठून घेतला. अवतरणचिन्ह सांगतं की हे शब्द कुणाचे आहेत. तुम्ही अवतरणचिन्ह न लावता नुसतं नाव दिलं की वाचणारा असं समजतो की विचार त्यांचा आहे पण वाक्य तुमचं आहे, तुम्ही स्वतः रचलंय. आणि वाक्य तर तुम्ही रचलेलं नाही. म्हणजे नाव दिल्यामुळे तुमची अर्धी बाजू सरळ झाली, उरलेली अर्धी तशीच राहिली. एकच पर्याय निवडायचा असतो, शब्द त्यांचे ठेवायचे तर चिन्हात घालून जसेच्या तसे ठेवा, नाहीतर पॅराफ्रेज करा, म्हणजे वाक्य पूर्णपणे स्वतःचं करा. मधलं काहीतरी अर्धवट चालत नाही, आणि पॅचरायटिंग म्हणजे ते मधलंच.

बरं, वाक्य स्वतःचं करायचं म्हणजे नक्की काय करायचं? इथे मी मुलांना जे सांगते ते ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण शाळेपासून त्यांना उलटं सांगितलेलं असतं की इंग्रजी लिहायचंय तर विचारपण इंग्रजीतच करा. मी म्हणते, मधे मराठी येऊ द्या. उतारा नीट वाचा, न समजलेले शब्द बघून घ्या, गरज पडली तर तीनदा वाचा, आणि मग पुस्तक बंद करा, पीडीएफ असेल तर खिडकी मिनिमाइझ करा. आता शेजारच्या मित्राला सांगताय असं समजून मराठीत बोला, मोठ्याने बोललात तर आणखी चांगलं. आणि बोलताना उतारा काय म्हणतो हे नका सांगू, तुमच्या असाइनमेंटच्या प्रश्नासाठी त्यातलं काय कामाचं आहे ते सांगा.

हाच उतारा एका मुलीला मी असा बंद करून विचारला होता. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे गंमत बघा ना, शहरात सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला पाणी नाही, कारण जे धरण फुटलं त्यातूनच तर आपल्याला पाणी यायचं." मी म्हटलं झालं की मग तुझं पॅराफ्रेज, आता हेच इंग्रजीत लिही. बघा तिने काय केलं. तारखेपासून सुरुवात केली नाही, पानशेतपासून पण नाही, तिने सुरुवात केली पिण्याच्या पाण्यापासून, कारण तिच्या असाइनमेंटचा प्रश्न पाणीपुरवठ्याचा होता. मूळ लेखक घटना सांगत होता म्हणून त्याचा क्रम घड्याळाचा होता, आधी हे झालं मग ते झालं. तिला कारण सांगायचं होतं म्हणून तिचा क्रम आपोआप वेगळा झाला. थोडं व्याकरण नीट केल्यावर असं काहीतरी तयार झालं:

```
The flood that submerged Pune in July 1961 also made
water scarce. The city depended on Khadakwasla, and that
older dam failed once the unfinished Panshet dam above it
had burst (Author, 2015).
```

आता परत दोन बोटं ठेवून बघा, पहिल्याच वाक्यात सुटतात. मूळ उताऱ्याच्या शेवटी असलेली गोष्ट इथे आधी आलीय, पानशेत सगळ्यात शेवटी गेलंय, १२ तारीख गेली कारण या मुद्द्याला महिना आणि साल पुरतं. आणि अर्थ मात्र कुठेही वाकडा झालेला नाही, मूळ लेखकाने वाचलं तर तो म्हणेल हो, मी हेच म्हटलं होतं. पॅराफ्रेजच्या या दोनच परीक्षा आहेत, सांगाडा तुमचा हवा आणि अर्थ त्यांचा हवा, आणि दुसरी परीक्षा पुस्तक परत उघडूनच द्यायची असते. लिहून झालं की मूळ उतारा पुन्हा काढा आणि तपासा, आपण काही जास्तीचं तर घातलं नाही ना, लेखकाने कदाचित म्हटलेलं आपण नक्की करून टाकलं नाही ना. मे आणि माइट असे शब्द मराठीतून फिरून येताना हमखास गळतात, म्हणजे मूळ वाक्य असतं की असं झालं असावं, आणि आपल्या वाक्यात होऊन जातं की असं झालं. ही चूक भाषेची वाटते पण असते खोटी साक्ष दिल्यासारखी, लेखक जे बोलला नाही ते त्याच्या नावावर लागतं.

एक शंका नेहमी येते की मग खडकवासला, पानशेत, डॅम हे शब्द पण बदलायचे का. अजिबात नाही. विशेषनामं, तारखा, आकडे आणि त्या विषयातले ठरलेले शब्द तसेच ठेवायचे. अर्थशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये इन्फ्लेशनला आणि बायोलॉजीत फोटोसिंथेसिसला पर्यायी शब्द शोधत बसलात तर वाक्य हास्यास्पद होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की याला विषयच कळला नाही. मग लागोपाठ किती शब्द जुळले की कॉपी? तीन, पाच, सात असे वेगवेगळे आकडे कॉलेजात फिरत असतात, पण असा सगळीकडे लागू होणारा एकच आकडा नाही. इन द सेकंड हाफ ऑफ द नाइन्टीन्थ सेंच्युरी हे आठ शब्द कुणाच्याही वाक्यात जुळतील, त्यात कुणाची मालकी नाही. पण एखाद्या लेखकाने दोनच शब्दांची स्वतःची खास जोडी तयार केली असेल तर ते दोन शब्दसुद्धा चिन्हात घालावे लागतात.

आणि इथून आपण कोटवर येतो. वरच्या उताऱ्यात शेवटचा तुकडा आहे, शहर पाण्यात बुडत असतानाच शहराला पाणी कमी पडलं. हा तुकडा लेखकाने छान बांधलाय, त्याचा जोर त्या बांधणीतच आहे, तुम्ही कितीही प्रयत्न केलात तरी ती धार राहणार नाही. असा तुकडा कोट करायचा. पहिली दोन वाक्यं मात्र नुसती माहिती आहेत, धरण फुटलं, पाणी आलं, ती कोट करण्यात काही अर्थ नाही, ती पॅराफ्रेजच करायची. मुलं बरोबर उलटं करतात, माहिती असलेला अख्खा परिच्छेद चिन्हात घालून उचलतात कारण तो अवघड वाटतो. कोट करायचं कारण वाक्य अवघड आहे हे नसावं. शब्दांचीच चर्चा करायची असेल, म्हणजे कविता, कायद्याचं कलम, एखाद्या नेत्याचं विधान, कुणाची केलेली व्याख्या, किंवा तुम्हाला त्या लेखकाशी वाद घालायचा असेल आणि त्याचे शब्द त्याच्याच तोंडी ठेवणं न्यायाचं असेल, तेव्हा कोट.

आणि कोट वाक्यात शिवून घ्यायचा. आपलं वाक्य संपलं, पूर्णविराम, मग अवतरणचिन्हात एकटंच उभं असलेलं पुस्तकातलं वाक्य, मग पुन्हा आपलं वाक्य, असं फार दिसतं. वाचणाऱ्याला कळत नाही कोण बोलतंय आणि का बोलतंय. याऐवजी असं:

```
As Author (2015) puts it, the flood "left Pune short of
water even as it drowned its streets" (p. 42).
```

इथे बघा, द फ्लड हे शब्द चिन्हाच्या बाहेर आहेत आणि तिथून व्याकरण सलग आत जातं, मोठ्याने वाचलं तर सांधा ऐकू येत नाही. आतला एकही शब्द बदललेला नाही. समजा तुम्हाला त्यातला इट बदलून तिथे फ्लड लिहायचंय तर चौकोनी कंसात लिहायचं, मधले शब्द गाळायचे असतील तर तीन टिंबं द्यायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथे तुमचा हात लागलाय. पण गाळताना सांभाळा, नॉट हा शब्द टिंबांमध्ये गेला तर लेखक उलटंच बोलल्यासारखं होईल, आणि असं मुद्दाम न करताही घडतं जेव्हा लांब वाक्याचा अर्धाच भाग उचलला जातो.

सुरुवात कशी करायची यातही आपल्याकडे एक चूक घराघरात आहे, अकॉर्डिंग टू अमुक अमुक सेज दॅट. अकॉर्डिंग टू म्हटलं की बोलण्याचं काम झालं, परत सेज लागत नाही, दोन्हीपैकी एकच ठेवा. आणि प्रत्येक वेळी सेज पण नको, कारण इंग्रजीत ही क्रियापदं तुमचं मत सांगून जातात. क्लेम्स लिहिलंत तर वाचणारा समजतो की तुम्हाला ते फारसं पटलेलं नाही, पॉइंट्स आउट लिहिलंत तर तुम्ही ते मान्य केलंय, आर्ग्यूज लिहिलंत तर तो एक मुद्दा आहे ज्यावर दुसरी बाजूही असू शकते. नुसता बदल हवा म्हणून क्लेम्स टाकणारी मुलं नकळत स्वतःच्याच सोर्सवर शंका घेऊन बसतात.

मोठ्या कोटचा नियम पटकन सांगते. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यातल्या एपीएत ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचा कोट असेल तर तो नव्या ओळीवर, सगळा अर्धा इंच आत सरकवून, अवतरणचिन्ह न लावता द्यायचा. एमएलएत गद्य चार ओळींपेक्षा जास्त झालं की तसंच. कोट केलंत तर एपीएत पान नंबर लागतोच, पॅराफ्रेजला तो सक्तीचा नाही पण दिला तर चांगलं. एमएलएत साल नसतं, नुसतं आडनाव आणि पान, आणि ते कोट असो की पॅराफ्रेज दोन्हीला. तुमच्या डिपार्टमेंटला कुठली पद्धत हवी ते आधी विचारा आणि एकाच असाइनमेंटमध्ये दोन पद्धती मिसळू नका. पण पाच पानांच्या असाइनमेंटमध्ये असे आत सरकवलेले तीन-चार ब्लॉक असतील तर नियम पाळूनही ते लिखाण तुमचं राहत नाही.

आता एक गोष्ट जी पॅराफ्रेज उत्तम जमणाऱ्यांचीही चुकते. अख्खा परिच्छेद एका पुस्तकावरून पॅराफ्रेज केला, सहा वाक्यं झाली, आणि शेवटी एकदा कंसात नाव दिलं. वाचणाऱ्याला काय कळणार, सहाही वाक्यं त्या पुस्तकातली की फक्त शेवटचं? पहिली पाच तुमची स्वतःची आहेत असंच तो समजेल. म्हणून पॅराफ्रेज सुरू होताना लेखकाचं नाव वाक्यातच घ्या, ऑथरने २०१५ मध्ये असं दाखवलंय की, अशा अर्थाने, मग पुढच्या वाक्यांत ही किंवा शी किंवा द स्टडी असं म्हणत धागा चालू ठेवा, आणि तुमचं स्वतःचं मत सुरू झालं की तेही स्पष्ट करा. दार कुठे उघडलं आणि कुठे बंद झालं हे दिसलं पाहिजे. यात तुमचाच फायदा आहे, कारण तुमचे स्वतःचे मुद्देपण मग उठून दिसतात, नाहीतर मास्तरांना वाटतं सगळंच पुस्तकातलं.

आणि सगळ्याला सायटेशन लागतं का, तर नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ही तारीख कुठल्याही पुस्तकात सारखीच सापडेल, ती कुणा एकाची नाही, तिला सोर्स दिला नाही तरी चालतं. पण धरण का फुटलं, चूक कुणाची, शहराची पुढची वाढ त्या पुराने कशी बदलली, हे कुणीतरी अभ्यास करून मांडलेलं असतं, त्यावर दोन लोकांचं दुमत होऊ शकतं, तिथे नाव हवंच. शंका आली तर द्या, जास्तीच्या एका सायटेशनने कुणाचे मार्क गेलेले मी बघितलेले नाहीत.

बरेचसे घोटाळे मुळात लिहिताना होतच नाहीत, ते नोट्स काढताना झालेले असतात. पीडीएफमधून तुकडे उचलून वर्डच्या फाइलमध्ये टाकले, त्याच फाइलमध्ये मधेमधे स्वतःची वाक्यं लिहिली, आणि पंधरा दिवसांनी डेडलाइनच्या आदल्या रात्री फाइल उघडली तर आपलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं हे आपल्यालाच कळत नाही. मग जे बऱ्या इंग्रजीत आहे ते तसंच असाइनमेंटमध्ये जातं. यावर मराठी मुलांकडे एक सोय आहे जी फक्त इंग्रजी येणाऱ्याकडे नाही. नोट्स मराठीत काढा, देवनागरीत, टेक्निकल शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही. पान ४२, धरण फुटल्यामुळे शहराला पिण्याचं पाणीच कमी, एकाच स्रोतावर अवलंबून, असं. आणि जे तुकडे शब्दशः हवेत तेवढेच इंग्रजीत, उतरवताना त्याच क्षणी चिन्ह लावून आणि पान नंबर टाकून. मग फाइलमध्ये जे जे इंग्रजी दिसेल ते पुस्तकाचं आणि जे मराठी आहे ते तुम्हाला समजलेलं, गल्लत व्हायला जागाच उरत नाही, आणि मराठी नोट्सवरून इंग्रजी लिहायला बसलात की वाक्य नव्याने रचावंच लागतं, जुना सांगाडा हाताशी नसतोच. इंग्रजी थोडं कच्चं येईल, आर्टिकल चुकतील, पण व्याकरणाच्या चुका दुरुस्त करता येतात.

आता सॉफ्टवेअरच्या टक्क्यांबद्दल, कारण मुलांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. सिमिलॅरिटी रिपोर्ट फक्त जुळणारे शब्द दाखवतो, चोरी झाली की नाही हे तो ठरवत नाही. व्यवस्थित चिन्हात घातलेले कोट आणि शेवटची संदर्भसूची पण त्यात रंगून येते जर ती वगळायची सेटिंग लावलेली नसेल, त्यामुळे १८ टक्के येऊनही असाइनमेंट स्वच्छ असू शकते. आणि उलट, २ टक्के येऊनही अख्खा युक्तिवाद दुसऱ्याचा उचललेला असू शकतो, फक्त शब्द जुळत नाहीत म्हणून तो रंगत नाही. म्हणून टक्का बघून सोडू नका, रंगलेल्या जागा एकेक उघडून बघा. सलग रंग असेल आणि चिन्ह नसेल तर गडबड आहे, आणि एक शब्द साधा, तीन शब्द रंगीत, एक साधा, चार रंगीत अशी ठिगळं दिसली तर ते पॅचरायटिंगच.

यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत त्यातला १० टक्क्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य धरलंय आणि त्यावर १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत, थीसिस सुधारून परत देण्यापासून रजिस्ट्रेशन रद्द होईपर्यंत. पण त्याच नियमांच्या व्याख्येत असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत, ते पीएचडी, मास्टर्सचे प्रबंध आणि छापायच्या पेपरसाठी आहेत. म्हणजे बीएच्या असाइनमेंटला १० टक्के चालतात असं म्हणणं चूक आणि ११ झाले म्हणून घाबरणंही चूक, तुमच्या असाइनमेंटला तुमच्या कॉलेजचा आणि डिपार्टमेंटचा नियम लागू. प्रबंधाला मात्र त्यात आणखी एक बारकावा आहे, निष्कर्ष, निरीक्षणं, सारांश असे जे गाभ्याचे भाग आहेत त्यात साम्य अजिबात चालत नाही, तिथे फक्त सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे सोडलेले आहेत. हा १४ चा आकडा ऐकून काहीजण १३ शब्द उचलायला मोकळे झाल्यासारखे वागतात, तसं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

शेवटचा मुद्दा मराठी सोर्सचा, आणि हा पुण्यात खूप लागतो, कारण इथल्या विषयांवरची चांगली पुस्तकं, जुने अंक, आठवणी बऱ्याचशा मराठीत आहेत आणि असाइनमेंट मात्र इंग्रजीत. अनेकांना वाटतं की मराठीतून इंग्रजीत भाषांतर केलं म्हणजे ते आपलंच झालं, सॉफ्टवेअर पकडत नाही ना. भाषांतर केल्याने विचार तुमचा होत नाही, नाव द्यायचंच. पण अवतरणचिन्ह लावायचं का? एपीएच्या सातव्या आवृत्तीत हे स्पष्ट आहे, तुम्ही स्वतः केलेलं भाषांतर पॅराफ्रेज धरतात, कारण ते इंग्रजी शब्द मूळ लेखकाने कधी लिहिलेलेच नाहीत, म्हणून चिन्ह लावायचं नाही, लेखक आणि साल द्यायचं, पान दिलं तर उत्तम. संदर्भसूचीत पुस्तकाचं मूळ मराठी नाव रोमन अक्षरांत आणि त्यापुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. पण दुसऱ्या कुणी केलेलं छापील इंग्रजी भाषांतर वापरलंत तर त्यातले शब्द त्या भाषांतरकाराचे असतात, ते जसेच्या तसे घेतले की चिन्ह, पान नंबर आणि संदर्भसूचीत त्या भाषांतरकाराचं नाव, तिन्ही लागतात.